मागच्या दाराने लिस्टिंग: 25 टक्क्यांची अट आली कुठून

गिरगावातल्या माझ्या मामांकडे एका छोट्या लिस्टेड कंपनीचे शेअर होते, 2017 च्या आधीची गोष्ट, एक दिवस नोटीस आली की प्रमोटरच्याच ओळखीची एक अनलिस्टेड कंपनी हिच्यात विलीन होणार. मामांनी पान न् पान वाचलं आणि मला विचारलं, "अरे, पण ही दुसरी कंपनी करते तरी काय?" स्वॅप रेशो, म्हणजे तिच्या एका शेअरमागे हिचे किती शेअर द्यायचे ते, ठळक छापलेला, पण तिच्यावर कर्ज किती, केसेस किती, याबद्दल एक ओळ नाही.

यालाच रिव्हर्स मर्जर म्हणतात. कागदावर छोटी लिस्टेड कंपनीच टिकते, ताबा मात्र आत आलेल्या मोठ्या कंपनीच्या मालकांकडे जातो. आयपीओ आणायचा तर कंपनीची सगळी माहिती देणारं प्रॉस्पेक्टस काढा, सेबीच्या प्रश्नांना उत्तरं द्या. इथे मात्र तेव्हा विलीनीकरणाची स्कीम हायकोर्टात मंजूर झाली की लिस्टिंग आपोआप पदरात पडायचं, आणि कोर्ट काही शेअरचा भाव योग्य आहे का ते खोलात जाऊन तपासत बसायचं नाही. काही जण तर ज्या प्रादेशिक एक्स्चेंजवर वर्षानुवर्षं व्यवहारच नाही तिथली नावापुरती लिस्टेड कंपनी धरायचे.

सेबीने फेब्रुवारी 2013 मध्ये स्कीम कोर्टात जायच्या आधी स्वतःकडे मागवायला सुरुवात केली, पण खरा चाप बसला तो 10 मार्च 2017 च्या सर्क्युलरने. अनलिस्टेड कंपनीची माहिती संक्षिप्त प्रॉस्पेक्टसच्या नमुन्यात द्यायची, लिस्टेड कंपनी देशभर टर्मिनल असलेल्या एक्स्चेंजवरचीच हवी, आणि लिस्टेड कंपनीचे जुने पब्लिक, म्हणजे प्रमोटर सोडून बाकीचे, शेअरहोल्डर व अनलिस्टेडमधले क्यूआयबी, म्हणजे फंडांसारख्या मोठ्या संस्था, यांचा मिळून हिस्सा विलीनीकरणानंतर किमान 25 टक्के राहिला पाहिजे.

समजा लिस्टेड कंपनीचे 1 कोटी शेअर आहेत, त्यातले 40 लाख पब्लिककडे. आधी समोरच्यांना 3 कोटी नवे शेअर देऊन पब्लिकला 40 वरून 10 टक्क्यांवर आणता यायचं. आता क्यूआयबी नसतील तर एकूण शेअर 1 कोटी 60 लाखांच्या पुढे जाऊच शकत नाहीत, म्हणजे नवे फक्त 60 लाख. शिवाय पब्लिकचा हिस्सा 5 टक्क्यांपेक्षा जास्त घटतोय, त्यामुळे ई-व्होटिंगमध्ये पब्लिकची बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त पडायला हवीत, प्रमोटरच्या मतांवर भागत नाही.

पण एक फट राहिलीच, आणि मला तीच खटकते. त्याच 3 कोटी शेअरपैकी 60 लाख क्यूआयबींना गेले तर 40 आणि 60 मिळून 1 कोटी, म्हणजे 4 कोटींचे बरोब्बर 25 टक्के, नियम पाळला गेला आणि मामांसारखे जुने लोक तरीही 10 टक्क्यांवरच. म्हणून आता अशी नोटीस आली की मी आधी स्कीमनंतरचा शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडतो आणि पब्लिकच्या रकान्यात जुने किती, संस्था किती, हे वेगळं करून मामांना सांगतो, मग ते मत देतात.