मुरुमांचे डाग : त्वचेच्या कोणत्या थरात?

गेल्या वर्षी सांगलीत एका लग्नाच्या हळदीला माझ्या भाचीच्या गालांकडे पाहून जमलेल्या बायकांनी निदान केले, "हिला वांग आलाय." तिला वांग आलेला नव्हता. वांग हा स्वतंत्र विकार असून तो बहुधा दोन्ही गालांवर सारख्या आकाराचे, पसरट पट्टे घेऊन येतो. तिच्या गालावर मुरुमांनी मागे ठेवलेल्या तीन वेगवेगळ्या खुणा होत्या : एक तपकिरी ठिपका, एक राखाडी-निळसर डाग आणि कानशिलाजवळ एक उथळ खड्डा. तिन्हींना घरात 'डाग' असा एकच शब्द होता आणि तिन्हींवर एकच लेप चालू होता. खरे पाहता त्या त्वचेच्या वेगवेगळ्या थरांत बसलेल्या असतात, आणि कोणती खूण किती दिवसांत जाईल हे त्या थरावर ठरते.

त्वचेचा वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत मृत होऊन गळून पडतात. याच तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांसारख्या तंतूंमधून सुमारे 36 शेजारी पेशींना रंग पुरवते. मुरुमाचा दाह होतो तेव्हा तिथे पाझरणारी रसायने रंगपेशींनाही चिथावतात आणि त्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक मेलॅनिन तयार करून शेजाऱ्यांना वाटतात. हाच तो तपकिरी ठिपका. रंग भरलेल्या पेशी दीड महिन्यात गळून जात असतील तर ठिपका सहा महिने का टिकतो, असा प्रश्न इथे पडायला हवा. याचे कारण असे की मुरूम बसल्यानंतरही चिथावलेली रंगपेशी लगेच शांत होत नाही, त्यामुळे वर सरकणाऱ्या प्रत्येक नव्या पेशीला ती जादा रंग देतच राहते. ती शांत झाली की ठिपका विरतो. त्याला काही महिने, कधी वर्षभरही लागते.

राखाडी डागाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी आजीच्या हातावरचे गोंदण आठवावे. गोंदणाची शाई काळी असते, पण वर्षानुवर्षांनी ते हिरवट-निळसर दिसते आणि मरेपर्यंत जात नाही. सुई बाह्यत्वचेच्या खाली, अंतस्त्वचेपर्यंत पोचलेली असते. तिथल्या पेशी वर सरकून गळत नाहीत. तिथे परक्या कणांना गिळणाऱ्या भक्षकपेशी मात्र असतात. त्या शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. 2018 साली फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून दाखवले की कण गिळलेली भक्षकपेशी मेली तर तिच्यातून सांडलेले कण शेजारची नवी भक्षकपेशी उचलते. म्हणजे पेशी बदलतात आणि शाई जागच्या जागी राहते.

तीव्र मुरुमात हेच आपल्या स्वतःच्या रंगाचे होते. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामध्ये आधारपटल नावाचा पातळ पडदा असतो. दाह जोराचा असेल, किंवा नखांनी पुळी फोडली असेल, तर तळाच्या पेशी आणि हा पडदा यांना इजा होते आणि मेलॅनिन खाली सांडते. तिथे भक्षकपेशी ते गिळून बसतात. मेलॅनिन शाईइतके चिवट नसल्यामुळे ते हळूहळू कमी होऊ शकते, पण त्याला वर्षे लागतात आणि काही वेळा ते पुरते जातही नाही. रंग निळसर दिसण्यामागे निव्वळ प्रकाशाचा खेळ आहे. खोलवरच्या काळ्या कणांपर्यंत पोचलेला लाल प्रकाश शोषला जातो, तर निळा प्रकाश वाटेतच विखुरून परत फिरतो. म्हणून दिवसाच्या उजेडात आरशासमोर डागाचा रंग नीट पाहिला तरी तो कोणत्या थरात आहे याचा बराच अंदाज येतो. तपकिरी असेल तर तो वर आहे, राखाडी-निळसर असेल तर खाली. गोऱ्या कातडीवर तिसरा, लालसर डागही दिसतो. तो रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो आणि त्यावर पारदर्शक काच दाबली की तेवढ्यापुरता फिका होतो.

खड्ड्यात मात्र रंगाचा संबंधच नाही. केसाच्या मुळाशी असलेली पिशवी फुटून तिच्यातील तेल आणि जंतू अंतस्त्वचेत शिरले की त्यांच्यावर चालून आलेल्या पेशींची विकरे तिथले कोलॅजेनचे तंतूही विरघळवतात. दुरुस्ती तुटपुंजी पडली की वरची त्वचा खाली बसते. अंधाऱ्या खोलीत गालाला समांतर, बाजूने टॉर्च धरला तर खड्ड्याला सावली पडते आणि डागाला पडत नाही. पसरट खड्डा बोटांनी त्वचा ताणली की सपाट होतो. सुईने टोचल्यासारखा अरुंद, खोल खड्डा ताणूनही तसाच राहतो. काही उथळ खड्डे पहिल्या सहा महिन्यांत थोडे भरतात. उरलेल्यांवर क्रीमचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे सुयांचे किंवा लेसरचे उपचार असतात, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर लेसर जोरात चालवला तर त्याच्या दाहानेच नवा तपकिरी डाग उठतो.

उन्हाचे काम चिथावलेल्या रंगपेशीला शांत होऊ न देणे हे आहे. यात केवळ अतिनील किरणांचा दोष नाही. सावळ्या त्वचेतील रंगपेशींना डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही चेतवतो आणि साधे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्वचेच्या रंगाची छटा आलेले सनस्क्रीन तो अडवते. मात्राही महत्त्वाची आहे. डबीवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तेवढ्या थराला दोन बोटांवर लांबीभर ओढलेल्या दोन रेघांएवढे सनस्क्रीन लागते. आपण वाटाण्याएवढे लावतो, म्हणून 30 चा आकडा गालावर 30 राहत नाही. स्कूटीवर आपल्याकडच्या मुली बांधतात तो दाट विणीचा स्कार्फ दोन्ही प्रकारचा प्रकाश अडवतो, पण घामाने चिंब झालेला स्कार्फ रोज धुतला पाहिजे, नाहीतर घर्षणाने नवे मुरूम येतात.

सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, तरीही हळदीचा लेप डाग घालवतो असे मी म्हणणार नाही. तिच्या पिवळेपणात डाग दोन दिवस लपतो, एवढेच दिसते. लिंबू मात्र निश्चित घातक आहे. त्याचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो. त्याहून वाईट म्हणजे गोरेपणाच्या नावाने चिठ्ठीविना मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या मिश्र ट्यूबा. पहिल्या पंधरवड्यात त्या चमत्कार दाखवतात, नंतर त्वचा पातळ आणि लाल होते, आणि मुरूम दुपटीने परततात.

भाचीने ती लावत असलेली अशीच ट्यूब बंद केली, मुरुमांचा उपचार डॉक्टरांकडून सुरू केला, छटा असलेले सनस्क्रीन लावले आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढला. पाचव्या महिन्याच्या फोटोत तपकिरी ठिपका शोधावा लागला. दहाव्या महिन्यात राखाडी डाग कडेने किंचित फिका झाला होता. खड्डा समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही, पण बाजूने टॉर्च धरून काढलेल्या फोटोत त्याची सावली पहिल्या महिन्याएवढीच आहे.