रेट्रो फुटबॉल शर्ट

एखाद्या क्लबचा किंवा देशाच्या टीमचा जुन्या काळातला शर्ट, नाहीतर त्याची नव्याने शिवलेली प्रत, मैदानाबाहेर रोजचा कपडा म्हणून वापरली जाते तेव्हा तिला रेट्रो शर्ट म्हणतात. जुन्या शर्टांच्या प्रती विकणारी टॉफ्स ही इंग्लिश कंपनी 1990 मध्ये सुरू झाली, म्हणजे आवड निदान तेवढी जुनी आहे, आणि 2021-22 च्या सुमारास जीन्सवर असा शर्ट घालायच्या स्टाइलला ‘ब्लोककोर’ हे नाव पडलं. शर्टाचं वर्णन कॉलर, बिल्ल्याची जागा, कापड आणि रंगांचे पट्टे-तुकडे म्हणजे कलर ब्लॉकिंग या चार गोष्टींवरून करतात. त्यातलं कापड आधी बघावं, कारण बाकीचं बरंचसं त्याच्यावरच ठरतं, आणि हे आर्सेनलच्या लाल अंग-पांढऱ्या बाह्यांच्या शर्टावर सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पांढऱ्या बाह्यांचा उगम : आर्सेनलचा आधीचा शर्ट पूर्ण लाल होता. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांच्या काळात 4 मार्च 1933 रोजी लिव्हरपूलविरुद्ध टीम पहिल्यांदा पांढऱ्या बाह्या आणि पांढरी कॉलर घालून उतरली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कल्पना कुठून आली यावर. एका हकिकतीनुसार चॅपमननी मैदानावर कुणालातरी पांढऱ्या शर्टावर लाल बिनबाह्यांचा स्वेटर घातलेलं पाहिलं, दुसरीत तो माणूस म्हणजे व्यंगचित्रकार टॉम वेबस्टर, आणि जागा गोल्फची. माणूस आणि जागा बदलते पण स्वेटर दोन्हीकडे तोच आहे, त्यामुळे तेवढा भाग धरून चालायला हरकत नसावी. आपला खेळाडू लांबून पटकन ओळखू यावा हा हेतू जास्त पटतो, कारण याच चॅपमननी 1928 मध्ये टीमला पाठीवर नंबर घालून खेळवलं होतं. मधे 1965 ते 1967 बाह्या परत लाल झाल्या, पण पांढऱ्या लवकरच परतल्या.

कापड आणि शिवण : सुती कापडात असे दोन रंग आणायचे तर ते वेगवेगळे कापून जोडावे लागतात, म्हणून रंगाची सीमा बरोबर मुंढ्याच्या शिवणीवर येते. 1970-71 च्या दुहेरी विजेतेपदाच्या हंगामातल्या शर्टाला कॉलर नव्हती, साधा गोल गळा होता आणि छातीवर डावीकडे क्लबचं चिन्ह असलेली एकटी तोफ भरतकामात होती, बाकी छाती पूर्ण मोकळी. आज रोज घालायला हाच शर्ट सगळ्यात सोपा वाटतो, त्याचं कारणही ती मोकळी छातीच. लिव्हरपूलने 1979 मध्ये छातीवर स्पॉन्सर घेतला आणि 1981 मध्ये आर्सेनलवरही जेव्हीसी आलं, मग मधली जागा स्पॉन्सरची झाली, बिल्ला डावीकडेच राहिला आणि त्याच्यासमोर उजवीकडे शर्ट बनवणाऱ्या कंपनीची खूण. बिल्ला मधोमध घेतलेले शर्टही आहेत, उदाहरणार्थ 1996 च्या युरोतला इंग्लंडचा, पण क्लबच्या शर्टावर स्पॉन्सर असताना तशी जागा क्वचितच उरते.

पॉलिएस्टर आल्यावर रंग शिवणीपासून सुटला. उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात मुरवायची पद्धत पॉलिएस्टरवर चालते, सुतावर नीट चालत नाही, म्हणून 1991-93 चा आर्सेनलचा पिवळा अवे शर्ट, ज्याला चाहते ‘ब्रूझ्ड बनाना’ म्हणतात, त्याच्यावरची गडद निळी नागमोडी नक्षी 1971 च्या कापडावर होणंच अवघड होतं. त्याच नक्षीवर बेतलेला शर्ट 2019 मध्ये परत आला.

ओळख : प्रत हातात घेतली की आधी मुंढा उलटा करून बघावा. 1971 छापाच्या चांगल्या प्रतीत लाल आणि पांढरं कापड खरोखर दोन तुकड्यांचं असतं, दोन्ही आतूनही तेवढेच रंगीत दिसतात आणि शिवणीवर दोन्ही कडा मोजता येतात. स्वस्त प्रतीत पांढऱ्या पॉलिएस्टरवर लाल रंग छापून बाही दाखवलेली असते, तिथे आतली बाजू फिकट निघते आणि रंगाची रेष शिवणीपासून जरा सरकलेली सापडते, एका खांद्यावर सुतभर आत तर दुसऱ्यावर बाहेर. उलट 1991 च्या शर्टात आतली बाजू फिकट असणं हा दोष नाही, तिथे नक्षी छापीलच असायची. खऱ्या सुती शर्टाचा त्रास वेगळा आहे, गरम पाण्यात धुतला की लाल रंग सुटतो आणि पांढरी बाही गुलाबी व्हायला लागते, ते मुंढ्याजवळ आधी दिसतं आणि मग काढता येत नाही, म्हणून गार पाण्यात, उलटा करून, एकटाच धुवावा आणि ओला तसाच घडी करून ठेवू नये.