बाल्कनी प्रवेश : मराठी रंगरूपांतर

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकातला दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश 'बाल्कनी प्रवेश' या नावाने ओळखला जातो. हा प्रवेश मराठी नटांच्या तोंडी सहज बसेल अशा संवादांत आणताना कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवता येतात, याची ही नोंद आहे. प्रवेश सुमारे १९० ओळींचा. पात्रे दोनच, शिवाय घरातून हाक मारणाऱ्या दाईचा आवाज. नाटक १५९७ साली प्रथम छापले गेले. मूळ संहितेत 'बाल्कनी' हा शब्द कुठेच नाही, तिथे फक्त खिडकी आहे; बाल्कनी नंतरच्या रंगपरंपरेने आणली. त्यामुळे मराठीत वाड्याची माडी, सज्जा, गच्ची असे काहीही चालते. चाळीची गॅलरी मात्र जपून वापरावी. ती सगळ्या बिऱ्हाडांची असते आणि तिथे मध्यरात्री एकटीने बोलणारी मुलगी प्रेक्षकाला पटत नाही.

मराठी रंगभूमीला शेक्सपिअर नवा नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) हे 'हॅम्लेट'वरून, तर देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) 'ऑथेल्लो'वरून आलेले. 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे भाषांतर मंगेश पाडगावकरांनी केले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रूपांतरकारांकडे एक सोय होती, ती आज नाही. 'संगीत शाकुंतल' (१८८०) पासून प्रेमाचा भार पदांवर टाकण्याची वाट मोकळी झाली होती. भावना दाटली की नट गात असे आणि गद्य साधे राहिले तरी भागत असे. आजच्या गद्य प्रयोगात ते सगळे बोलण्यातच बसवावे लागते. घोटाळा सुरू होतो तो इथे.

पहिली अडचण नायकाच्या नावाची. मराठीत 'रोमिओ' हे नाव फार पूर्वीच बदनाम झाले. कॉलेजच्या फाटकाशी मुलींना त्रास देणाऱ्याला वर्तमानपत्रे 'रोडरोमिओ' म्हणतात. नाटक व्हेरोना शहरातच ठेवले तर प्रेक्षक हे विसरू शकतो, पण कथा महाराष्ट्रात आणून नायकाला रोमिओच ठेवले तर पहिल्याच हाकेला हशा येतो. म्हणून रूपांतरात नावे बदलावी लागतात. या नोंदीपुरते नायकाला विक्रम देशमुख आणि नायिकेला रेवती पाटील म्हणू.

नावे बदलली की प्रवेशाचा गाभाच समोर येतो, कारण तो नावाबद्दलच आहे. ज्युलिएटचे प्रसिद्ध वाक्य 'तू कुठे आहेस' असे विचारत नाही, 'तू रोमिओ का आहेस' असे विचारते. इंग्रजी ऐकणारे आजही तिथे फसतात. मराठीत वेगळीच फसगत होते. 'तू रोमिओ का आहेस?' हे वाक्य बोलताना नटीने 'का' जरा मागे सरकवला की 'तू रोमिओ आहेस का?' होते आणि प्रियकराची ओळखपरेड सुरू होते. तालमीत हे हमखास घडते, कारण बोलताना आपला 'का' वाक्याच्या शेवटीच पडतो. 'कशाला' किंवा 'व्हायचं होतं' अशी रचना केली की ही चूक होऊच शकत नाही.

शिवाय मूळ तक्रारीत एक गंमत आहे. ज्युलिएट रागावते 'रोमिओ' या नावावर, पण वैर आहे ते माँटेग्यू या घराण्याशी. मराठीत ही गाठ आपोआप सुटते, कारण आपल्याकडे माणसाची जात, गाव, घराणे सगळे आडनावावरून विचारतात. रेवतीने आडनावावरच बोट ठेवावे :

रेवती : विक्रम… विक्रम देशमुख. देशमुखच कशाला व्हायचं होतं रे तुला? देशमुख म्हणजे काय असतं? हात असतो? पाय असतो? तुझं तोंड असतं? टाकून दे ना ते. माझ्यासाठी.

यात 'नावात काय आहे' हे वाक्य मुद्दाम गाळले आहे. मराठीत त्याची म्हण झाली आहे. नटीने पहिला शब्द उच्चारताच प्रेक्षक उरलेले मनात म्हणून मोकळा होतो आणि रेवतीला ते आत्ता सुचते आहे असे वाटत नाही. हातापायांची यादी मूळ संहितेतलीच आहे आणि ती ताजी राहिली आहे. गुलाबाची उपमा ठेवायची असेल तर यादीनंतर, हळू आवाजात ठेवावी.

लगेच पुढे ज्युलिएट म्हणते, तुला नाव टाकायचे नसेल तर माझ्यावरच्या प्रेमाची शपथ घे, मग मी कॅप्युलेट राहणार नाही. शब्दशः आणले तर हे वाक्य मराठीत पोकळ पडते. इथे आडनाव बदलणे ही नवरीची रीतच. पूर्वी कित्येक घरांत तांदळात नवे नाव लिहून मुलीचे पहिले नावही बदलत. त्यामुळे मुलीचा त्याग प्रेक्षकाला त्याग वाटत नाही. मराठीत धाडस आहे ते पुरुषाला आडनाव टाकायला सांगण्यात. वजन तिथे ठेवावे आणि उरलेले अर्धे वाक्य 'नाहीतर मी टाकते. मला काय, कधीतरी टाकायचंच आहे' असे उडवून द्यावे. प्रेक्षक हसतो, आणि ते हसू जरा टोचते.

कथा जुन्या काळात, समजा पेशवाईतल्या वाड्यात नेली तर आणखी एक धागा हाती लागतो. नवऱ्याचे नाव उघड घ्यायचे नाही, घ्यायचे तर उखाण्यात, अशी रीत असलेल्या समाजात मुलगी अंधारात परपुरुषाचे नाव पुन्हापुन्हा घेते. त्याने ते ऐकले हे कळल्यावर तिला लाज वाटणे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पुढचा प्रश्न सहजतेचा, आणि तिथे बहुतेक रूपांतरे चुकतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'सहज बोलता यावे' म्हणून सगळे संवाद एकाच घरगुती भाषेत आणले जातात, किंवा उलट दोघांनाही सारखेच काव्यमय करून टाकले जाते. मूळ प्रवेशात दोघांच्या बोलण्याचा पोत वेगळा आहे. तो सजवून बोलतो, ती व्यवहाराचे विचारते. 'भिंत एवढी उंच, चढलास कसा?' असे ती विचारते, तो प्रेमाच्या पंखांचे सांगतो आणि ती म्हणते, 'आमच्या माणसांनी बघितलं तर मारून टाकतील.' विनोदही यातून येतो आणि जीवही. म्हणून नायकाची भाषा थोडी पुस्तकी राहिलेलीच बरी. तो नाटकी बोलतो आहे हे नायिकेला कळले पाहिजे, म्हणजे ती त्याला अडवू शकते.

सूर्य-चंद्राचा तुकडा या कसोटीवर पाहावा. खिडकीत उजेड दिसतो, तेव्हा नायक म्हणतो की ही पूर्व दिशा आहे आणि ज्युलिएट सूर्य. हे सूर्या, मत्सराने फिकट पडलेल्या चंद्राला मार. इंग्रजी कवितेत चंद्र स्त्री असते, म्हणून एका सुंदरीने दुसरीवर जळण्याचे चित्र उभे राहते. मराठीत सूर्य पुल्लिंगी, चंद्रही पुल्लिंगी. सुंदर मुखाला आपण चंद्र म्हणतो आणि लहानपणापासून त्याला मामा मानतो. प्रेयसीला सूर्य म्हटले की प्रेक्षकाला ऊन लागते. इथे उपयोगी पडते ती उषा. शब्द स्त्रीलिंगी आहे, पूर्वेशी बांधलेला आहे आणि विक्रमच्या किंचित पुस्तकी तोंडी शोभतोही :

विक्रम : थांब. उजाडलं? एवढ्यात? …पूर्व आहे ती खिडकी. आणि ही उषा. चंद्रा, जा बाबा घरी. तुझं काम संपलं.

मत्सर गेला, पण चंद्र राहिला, आणि तो राहणे गरजेचे आहे. पुढे विक्रम त्याचीच शपथ घेऊ लागतो आणि रेवती तोडते : 'चंद्राची नको. तो रोज वेगळा दिसतो.' मूळ अर्थ एवढाच आहे आणि मराठीत तो सहा शब्दांत मावतो.

संबोधनाकडे भाषांतरकारांचे फारसे लक्ष जात नाही. इंग्रजीत त्या काळी जवळिकीचे आणि आदराचे अशी दोन सर्वनामे होती. पहिल्या भेटीत ज्युलिएट आदराचे वापरते, या प्रवेशात जवळिकीचे. आजच्या काळातल्या रूपांतरात दोघे पहिल्यापासून 'तू' म्हणणार, तेव्हा ही पायरी हरवते. जुन्या काळातल्या रूपांतरात मात्र मराठी मुळापेक्षा जास्त देऊ शकते. एकटी असताना रेवती 'तू' म्हणते. खाली कोणी आहे हे कळताच सावरते. मग स्वतःच ते सावरणे सोडून देते :

रेवती : कोण आहे तिकडे?

विक्रम : नाव सांगितलं तर आवडणार नाही तुम्हांला.

रेवती : …तुम्ही? ऐकलंत सगळं?

विक्रम : सगळं.

रेवती : मग आता लपवून काय उपयोग. आवडते मी तुला? 'हो' म्हणशील, माहीत आहे मला.

'ऐकलंत' मधला 'त' आणि 'आवडते मी तुला' मधला 'तू' यांच्यात सबंध प्रेमकथेचे एक पाऊल पडते. त्यासाठी वेगळे वाक्य लिहावे लागत नाही. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य शक्यतो टाळावे. व्याकरणात ते बरोबर असले तरी नटाच्या तोंडी जाहीरनाम्यासारखे लागते.

वाक्यरचनेचा एक प्रश्न तालमीतच कळतो. प्रवेशाच्या शेवटाकडे आतून दाईच्या हाका येतात आणि नायिकेचे बोलणे मधेच तुटते. इंग्रजीत तुटण्याआधी क्रियापद बोलून झालेले असते. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून कुठेही तोडले तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही अशी भीती असते. उपाय सोपा आहे : 'तर' वर तोडावे.

रेवती : पण तुझ्या मनात तसं काही नसेल, तर—

दाई (आतून) : रेवती!

रेवती : आले, आले! …तर माझ्या वाटेला येऊ नकोस.

'तर' नंतर काय येणार याची प्रेक्षकाला ओढ लागते, आणि हाक नेमकी तिथे पडली तर हशाही पडतो. घरातून हलायचा बेत नसताना 'आले, आले' म्हणण्याची आपली सवय इथे आयतीच कामी येते.

निरोपाचे दोन चरण सर्वांत अवघड मानले जातात. ताटातूट हे गोड दुःख आहे, म्हणून उजाडेपर्यंत 'शुभरात्री' म्हणत राहीन, असा त्यांचा आशय. 'गोड दुःख' मराठीत भेटकार्डावरचे वाटते आणि 'शुभरात्री' बोलण्यात कोणी फारसे म्हणत नाही. पण निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार प्रत्येक मराठी घरात आहे. ताटातुटीत परत येण्याचे वचन आधीच बांधलेले असते. मुळात उद्या निरोप्याला किती वाजता पाठवू असे ज्युलिएट विचारते आणि नऊची वेळ ठरते. तो तुकडा थोडा मागे सरकवला की इथे बसतो :

विक्रम : जातो मी.

रेवती : जातो म्हणू नये.

विक्रम : येतो.

रेवती : कधी?

विक्रम : नऊला माणूस पाठव.

रेवती : नऊला? …वीस वर्षं आहेत अजून.