बारा ग्रॅम मीठ आणि ‘खारवलेले’ या शब्दाचा अर्थ

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात मालाचा प्रकार सांगणारा सहा अंकी एचएस कोड १९८८पासून जगभर एकच आहे. त्यापुढचे अंक आणि शुल्काचा दर प्रत्येक देश आपापला ठरवतो. कोड कसा शोधायचा याचा पहिला नियम असा, की विभागांची आणि प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात. निर्णय होतो तो शीर्षकातल्या, म्हणजे पहिल्या चार अंकांसमोर लिहिलेल्या वर्णनातल्या शब्दांवर आणि त्याला जोडलेल्या टिपांवर. म्हणूनच एका शब्दाचा अर्थ काय, यावर वर्षानुवर्षे भांडण चालू शकते. युरोपातील कोंबडीच्या मांसाचा वाद हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

शीर्षक ०२०७ कोंबडीच्या ताज्या, थंड केलेल्या किंवा गोठवलेल्या मांसाचे. शीर्षक ०२१० खारवलेल्या, खाऱ्या पाण्यातल्या, सुकवलेल्या किंवा धुरी दिलेल्या मांसाचे. युरोपात गोठवलेल्या बिनहाडाच्या तुकड्यांवर १०० किलोमागे १०२.४ युरो शुल्क होते, तर खारवलेल्यांवर किमतीच्या १५.४ टक्के. पहिले वजनावर, दुसरे किमतीवर. समजा, एका टनाची किंमत १,८०० युरो आहे. ०२०७ लागले तर शुल्क १,०२४ युरो, ०२१० लागले तर २७७ युरो. दोन्ही दर सारखे होण्यासाठी टनाचा भाव साधारण ६,६५० युरोपर्यंत चढायला हवा. स्वस्त मालाला वजनावरचे शुल्क किती जड जाते, ते यातून दिसते.

मग मांस ‘खारवलेले’ कधी म्हणायचे? १९९३मध्ये गोमांसाच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने म्हटले, की मीठ सर्व भागांत खोलवर आणि सारखे मुरलेले हवे आणि त्याचे प्रमाण वजनाच्या किमान १.२ टक्के हवे. म्हणजे किलोमागे बारा ग्रॅम. १९९४मध्ये हीच कसोटी युरोपच्या शुल्कसूचीत टीप म्हणून आली. वरून मीठ भुरभुरलेला तुकडा इथे अडतो, कारण त्याच्या गाभ्यातला नमुना तपासला की मीठ सापडत नाही.

ब्राझील आणि थायलंडहून या कसोटीत बसणारा गोठवलेला माल येऊ लागला आणि तो ०२१०मध्ये सोडलाही जात होता. २००२मध्ये युरोपने नवा नियम काढून तोच माल ०२०७मध्ये टाकला. युक्तिवाद असा, की हे मांस टिकते ते गोठवल्यामुळे, मिठामुळे नव्हे; ‘खारवणे’ म्हणजे दीर्घकाळ टिकवण्यासाठी मीठ लावणे. मराठीतही ‘मीठ लावलेले’ आणि ‘खारवलेले’ यांत फरक जाणवतो, आणि खारवलेले म्हटले की टिकाऊपणाच मनात येतो. त्यामुळे हा युक्तिवाद पोकळ नव्हता. शिवाय वाहतुकीत तात्पुरते टिकावे म्हणून मीठ घालून भरलेले ताजे मांस ताजेच धरावे, असे एचएसच्या स्पष्टीकरणात लिहिलेलेच आहे.

तरी माझ्या मते युरोपची बाजू लंगडी होती. टिकाऊपणाची अट १९९४च्या टिपेत नव्हती. तिथे फक्त प्रमाण आणि मुरणे होते. ज्याने मोजून मीठ घातले, त्याला नंतर हेतू विचारणे अन्यायाचे होते.

प्रकरण जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारणाकडे गेले. सप्टेंबर २००५मध्ये अपिलाचा निकाल लागला: ‘खारवलेले’ या शब्दात दीर्घकाळ टिकवण्याची अट अंतर्भूत नाही, आणि युरोपने माल ०२०७मध्ये टाकला तेव्हा करारात मान्य केलेल्या कमाल दरापेक्षा जास्त शुल्क लावले. अपिलाआधी तंटा ऐकलेल्या खालच्या मंडळाने १९९६ ते २००२मधल्या युरोपच्या स्वतःच्या वर्गीकरण प्रथेचाही आधार घेतला होता. अपिलात निष्कर्ष टिकला, पण हा आधार काढला गेला. अनेक देशांनी मिळून केलेल्या कराराचा अर्थ एकाच सदस्याच्या प्रथेवरून लावता येत नाही, असे अपिलाचे म्हणणे होते. हा भाग फारसा वाचला जात नाही, पण वर्गीकरण करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे: ‘आजवर याच कोडवर माल सुटला’ हा पुरावा उपयोगी पडतो, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर उभे राहता येत नाही.

पुढे युरोपने शब्दाचा वाद सोडला आणि दराच्याच पुनर्वाटाघाटी केल्या. २००७पासून खारवलेल्या कोंबडीला १५.४ टक्के दर ठरावीक कोट्यापुरताच उरला. कोट्याबाहेरच्या मालावर टनाला १,३०० युरो लागू झाले, म्हणजे गोठवलेल्या साध्या तुकड्यांवरच्या १,०२४ युरोंपेक्षाही जास्त. ज्या बारा ग्रॅम मिठाने पूर्वी शुल्क कमी होत असे, त्याच मिठाने कोट्याबाहेर आता टनामागे २७६ युरो जादा पडू लागले.