प्रमाण विचलनाचा पूर्वअंदाज

अभ्यास सुरू होण्यापूर्वी नमुना किती मोठा घ्यायचा हे ठरवावे लागते. त्यासाठी मोजमापांचे प्रमाण विचलन किती निघेल याचा जो साधार तर्क केला जातो, त्याला प्रमाण विचलनाचा पूर्वअंदाज म्हणतात. प्रत्यक्ष प्रमाण विचलन अभ्यास झाल्यावरच कळते, पण नमुना-आकाराचे सूत्र ते आधीच मागते. सरासरी ठरावीक अचूकतेने काढायची असेल तर प्रमाण विचलनाला १.९६ ने गुणून, हव्या त्या अचूकतेने भागून, येणाऱ्या संख्येचा वर्ग करतात. या वर्गामुळेच अंदाजातली चूक महागात पडते. तो दुपटीने चुकला की नमुना चौपटीने चुकतो.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण घेतले आहे : लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात कोरडवाहू सोयाबीनचा एकरी सरासरी उतारा अर्ध्या क्विंटलच्या अचूकतेने, ९५ टक्के विश्वासाने काढायचा आहे. उदाहरणातील आकडे पद्धत स्पष्ट करण्यापुरते आहेत. या अटींत लागणाऱ्या शेतांची संख्या प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या सुमारे १५.४ पट येते.

पूर्वपीठिका. कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. जे. ए. हबॅक यांनी बिहार व ओरिसात भाताच्या कापणीवर केलेले आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले काम हे काही जण आरंभस्थान मानतात. येझी नेमन यांच्या १९३४ च्या निबंधाने प्रश्नाला नेमके रूप आले. पाहणीतील एककांचे स्तर म्हणजे गट पाडले, तर प्रत्येक स्तरातून घ्यायचा नमुना त्या स्तराच्या आकाराच्या आणि त्यातील प्रमाण विचलनाच्या प्रमाणात असावा, असे त्यात दाखवले होते. रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रोव्ह यांनी हाच निष्कर्ष १९२३ मध्ये काढला होता, हे पुढे लक्षात आले. पण हे प्रमाण विचलन आधी कळणार कसे? सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनमध्ये असताना १९३५ मध्ये हा प्रश्न हाताळला. छोट्या प्राथमिक नमुन्यातून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच अनिश्चित असते. ते वापरून स्तरांमध्ये नमुन्याची वाटणी केली तर किती नुकसान होते, याचे गणित त्यांनी मांडले. प्राथमिक नमुना लहान असला तरी ही वाटणी बहुधा केवळ स्तरांच्या आकाराच्या प्रमाणात केलेल्या वाटणीपेक्षा सरस ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या सर्वेक्षणात लहान चाचणी सर्वेक्षणे करून विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, आणि खर्च दोन्ही आधी मोजण्याची रीत रुळवली. प्रत्यक्ष कार्यपद्धतीचे श्रेय महालनोबीसांकडे जाते, पण अंदाजातील अनिश्चिततेचा हिशेब पहिल्यांदा गांभीर्याने मांडल्याचे श्रेय सुखात्म्यांना देणे अधिक योग्य वाटते. पहिल्या टप्प्याच्या मोजमापांवरून दुसऱ्या टप्प्याचा नमुना ठरवणारी चार्ल्स स्टाइन यांची दोन टप्प्यांची पद्धत त्यानंतरची, १९४५ ची आहे.

प्रसिद्ध निबंधावरून. हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो, पण फसगतही इथेच सर्वांत जास्त होते. पहिली अडचण ± या चिन्हाची आहे. त्याच्यापुढचा आकडा कधी प्रमाण विचलन असतो, तर कधी सरासरीची प्रमाण त्रुटी. १०० शेतांचा उतारा ‘८ ± ०.२ क्विंटल’ असा छापला असेल आणि ०.२ हे प्रमाण विचलन मानले, तर जवळजवळ सर्व शेते ७.६ ते ८.४ क्विंटलमध्ये यायला हवीत. कोरडवाहू शिवारात हे संभवत नाही. म्हणजे तो आकडा प्रमाण त्रुटी आहे. तिला शेतांच्या संख्येच्या वर्गमुळाने, इथे १० ने, गुणले की २ क्विंटल हे प्रमाण विचलन मिळते. ९५ टक्के विश्वासांतर दिले असेल तर त्याची रुंदी ३.९२ ने भागून हाच गुणाकार करावा. नमुना लहान असेल तर ३.९२ ऐवजी टी-कोष्टकातील किमतीची दुप्पट घ्यावी.

कृषी निबंधांत दुसरी अडचण असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या वाणचाचण्यांच्या तक्त्यात खाली सहसा ‘एस.ई.’ आणि ‘सी.डी.’ अशा दोन ओळी असतात. एस.ई. म्हणजे प्रमाण त्रुटी, आणि सी.डी. म्हणजे दोन वाणांच्या सरासऱ्यांत निदान किती फरक असला तर तो खरा मानायचा तो आकडा. एस.ई. सरासरीची आहे की दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिलेले नसते. सी.डी.ला एस.ई.ने भागून पाहिले की उलगडा होतो. भागाकार तीनच्या आसपास आला तर ती सरासरीची प्रमाण त्रुटी, दोनच्या आसपास आला तर फरकाची. समजा सहा वाण, चार पुनरावृत्त्या, एस.ई. हेक्टरी ०.८ आणि सी.डी. २.४१ क्विंटल आहे. भागाकार तीन येतो. मग ०.८ ला चारच्या वर्गमुळाने गुणून हेक्टरी १.६, म्हणजे एकरी सुमारे ०.६५ क्विंटल प्रमाण विचलन निघते.

हा आकडा सूत्रात घातला तर सात शेते पुरतील, असे उत्तर येते. गणित बरोबर आहे, पण उत्तर निरुपयोगी आहे. प्रयोगक्षेत्रावरचे १.६ क्विंटल हे एकाच शेतातील, एकाच दिवशी पेरलेल्या, सारखीच मशागत झालेल्या वाफ्यांमधले अंतर आहे. प्रयोगातील वाफ्यांच्या गटागटांमधला फरक तर पृथक्करणात आधीच वजा झालेला असतो. औशात मात्र एकाची जमीन भारी काळी, दुसऱ्याची मुरमाड. एकाची पेरणी जूनमध्ये, दुसऱ्याची पाऊस लांबल्याने जुलैत. आपल्याला शेताशेतांतला फरक हवा असताना तक्ता वाफ्यावाफ्यांतला फरक देतो. म्हणून निबंधातून आकडा उचलण्याआधी तो नेमका कोणत्या एककांमधला फरक आहे, हे पाहिलेच पाहिजे. शेतकऱ्यांच्या शेतावरचे निबंध मिळाले तरी सरासरी उतारा वेगळा असेल तर प्रमाण विचलन तसेच न उचलता सरासरीशी असलेले त्याचे प्रमाण उचलणे बरे.

विस्तारावरून. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मोजमापातला फरक म्हणजे विस्तार. त्याला चारने भागण्याचा नियम पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र पोहोचला आहे, मात्र त्यामागची अट मागे पडली आहे. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२५ मध्ये प्रसामान्य वितरणासाठी काढलेल्या किमती पाहिल्या तर भाजक मोजमापांच्या संख्येवर अवलंबून असतो. १० मोजमापे असतील तर तो सुमारे ३, २५ असतील तर ४, १०० असतील तर ५ आणि ५०० असतील तर ६ असतो. मोजमापे वाढली की टोकाची उदाहरणे जास्त सापडतात, इतकेच त्याचे कारण.

म्हणून गावात गेल्यावर ‘यंदा गावात सोयाबीनचा उतारा कमीत कमी किती पडला आणि जास्तीत जास्त किती?’ एवढेच विचारून भागत नाही. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर किती जणांची शेते आहेत, हेही विचारावे लागते. त्याने ‘तीन ते अकरा क्विंटल’ असे सांगितले आणि तो आपल्या वस्तीवरच्या पंचवीसेक खातेदारांबद्दल बोलत असेल, तर ८ ला ४ ने भागून २ क्विंटल येतात आणि ६२ शेते लागतात. हेच उत्तर शेकडो शेते पाहणाऱ्या कृषी सहायकाने सगळ्या मंडळासाठी दिले असेल तर भाजक ६ होतो, प्रमाण विचलन १.३३ येते आणि २८ शेते पुरतात. शब्द तेच, पण नमुना निम्म्याहून कमी.

प्रश्न एकाच हंगामापुरता ठेवावा. नाहीतर ‘कमीत कमी’ २०१५ च्या दुष्काळातले आणि ‘जास्तीत जास्त’ भरल्या पावसाच्या सालातले, अशी सरमिसळ होते. एककही तपासावे. मराठवाड्यात अनेक जण उतारा एकरावर न सांगता पेरलेल्या बियाण्याच्या बॅगेवर सांगतात, आणि एका बॅगेत किती क्षेत्र पेरले जाते हे दाट-पातळ पेरणीप्रमाणे बदलते.

वितरणाचा आकार माहीत असल्यास संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी सुचवलेला मार्ग अधिक चांगला आहे. सर्व किमती सारख्याच संभवत असतील तर विस्ताराच्या ०.२९ पट, मधल्या किमती जास्त आणि दोन्ही बाजूंना उतार असेल तर ०.२० पट, एकाच टोकाला गर्दी असेल तर ०.२४ पट घ्यावे. आपल्या उदाहरणात हे आकडे २.३, १.६ आणि १.९ येतात. वितरण कसेही असो, प्रमाण विचलन विस्ताराच्या निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही, इथे ४ क्विंटल. अंदाज त्यापलीकडे गेला तर बेरीज-वजाबाकीत चूक आहे.

चाचणी सर्वेक्षणावरून. १२ शेतांत पीक कापणी प्रयोग केले आणि प्रमाण विचलन १.८ क्विंटल आले, असे समजू. ते जसेच्या तसे वापरले तर ५० शेते निघतात. परंतु लहान नमुन्यातील प्रमाण विचलन खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, आणि आकडा कमी आला की नमुनाही लहान ठरतो. आर. एच. ब्राउन यांनी १९९५ मध्ये सुचवले की मिळालेला आकडा न वापरता त्याची ८० टक्के विश्वासाची वरची मर्यादा वापरावी. १२ मोजमापांसाठी ती सुमारे १.२५ पट, ३० साठी सुमारे १.१४ पट असते. १.८ ला १.२५ ने गुणून २.२५, आणि त्यावरून ७८ शेते. विस्तारावरून आलेल्या २ शी हा आकडा जुळतो, प्रयोगक्षेत्रावरचा ०.६५ मात्र दोन्हींपासून दूर आहे.

ही १२ शेते एकाच गावातली असतील तर गावागावांतला फरक त्यांच्यात नसतो आणि अंदाज पुन्हा कमी पडतो. कापणीच्या वाफ्याचा आकारही महत्त्वाचा. ५ बाय ५ मीटरच्या वाफ्यावरून एकराचा हिशेब काढताना सुमारे १६२ ने गुणावे लागते, त्यामुळे वजनातली १०० ग्रॅमची चूक एकरी १६ किलो होते. लहान वाफ्याचे प्रमाण विचलन अख्ख्या शेतापेक्षा मोठे असते. लहान वाफे उतारा फुगवतात का, यावर सुखात्मे आणि महालनोबीस यांच्यात १९४० च्या दशकात बराच वाद झाला. तो सरासरीबद्दलचा होता. पूर्वअंदाजासाठी दोन्ही टप्प्यांत वाफा एकाच आकाराचा ठेवला म्हणजे पुरे.

दोन टप्प्यांची पद्धत सोयाबीनला नीट लागू पडत नाही. पीक पक्व झाल्यावर काढणी लांबली तर शेंगा तडकतात, त्यामुळे पहिल्या १२ शेतांचा हिशेब करून पुढची शेते निवडायला वेळ राहत नाही. चाचणी मागल्या हंगामात घ्यावी तर त्या हंगामाचा पाऊस वेगळा असतो. म्हणून शेतांची यादी पेरणीनंतर लगेच चिठ्ठ्या टाकून क्रमाने काढून ठेवतात : पहिली ६२ नक्की कापायची, पुढची १६ राखीव. पहिल्या तीसेक शेतांची वजने आल्यावर प्रमाण विचलन २ च्या वर जाताना दिसले, तर राखीव शेतांच्या मालकांना त्याच संध्याकाळी काढणी थांबवण्यासाठी निरोप द्यावा लागतो.