आरडीची मुदतपूर्ती रक्कम: तुमच्या शीटमध्ये ३५३ रुपये जास्त का दिसतात

आमच्या सर्व आरडी खातेदारांसाठी, विशेषतः जे मोबाइलवर एक्सेल उघडूनच दुकानात येतात त्यांच्यासाठी.

पोस्टाच्या आरडीचे हप्ते आम्ही मोंढ्यातल्या आडत दुकानांपासून शिक्षक कॉलनीपर्यंत गोळा करतो. खातं उघडताना पाच वर्षांनी किती मिळतील तो आकडा आम्ही कागदावर लिहून देतो. घरी गेल्यावर मुलगा किंवा मुलगी तो आकडा तपासते, आणि दुसऱ्या दिवशी खातेदार दारात उभे: "आमच्या हिशोबानं ३,५७,१८२ येतात, तुम्ही ३,५६,८२९ लिहिले. मधले ३५३ कुठं गेले?" प्रश्न विचारणं रास्त आहे, पैसा तुमचा आहे. पण हप्त्यांची यादी पोस्टात भरायच्या दिवशी हाच हिशोब चार-चार वेळा मांडायचा म्हणजे आमची यादी राहते आणि मागचे दहा जण खोळंबतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

उदाहरण त्याच खात्याचं घेऊ. महिना ५,००० रुपये, मुदत ५ वर्षं म्हणजे ६० हप्ते, दर ६.७ टक्के. पोस्टाच्या आरडीचा दर १ ऑक्टोबर २०२३ ला ६.५ वरून ६.७ झाला. खातं ज्या दिवशी उघडलं त्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो, नंतर दर बदलला तरी तुमच्या खात्याला काही फरक पडत नाही. तुमच्या पासबुकावर दुसरा दर असेल तर खालच्या सूत्रात ६.७ च्या जागी तो टाका.

चूक नेमकी कुठं होते

जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलवर हे सूत्र असतं:

```
=FV(6.7%/12,60,-5000,0,1)
```

हप्ता महिन्याचा, म्हणून दराला १२ ने भागलं, इतकं साधं. पण दर १२ ने भागून ६० महिने चालवला की एक्सेल प्रत्येक महिन्याला व्याज मुद्दलात मिळवतं आणि पुढच्या महिन्यापासून त्या व्याजावरही व्याज धरतं. आपल्या आरडीत व्याज मुद्दलात मिळतं ते तिमाहीला, वर्षातून चारदा. ६.७ चे चार भाग केले की तिमाहीचा दर १.६७५ टक्के होतो, आणि पोस्ट तेवढंच देतं. तुमच्या सूत्रात महिन्याचा दर ०.५५८३ टक्के पडतो. तो तीन महिने चक्रवाढीनं चालवला की तिमाहीला १.६८४ टक्के होतात. फरक नखाएवढा दिसतो, पण वीस तिमाह्या चालतो आणि शेवटी ३५३ रुपये होतात. ते कोणी कापलेले नसतात. ते मुळात देणंच नव्हतं.

मग महिन्याचा दर किती धरायचा? असा, की तीन महिने चक्रवाढीनं चालवल्यावर बरोबर १.६७५ टक्केच व्हावेत. त्यासाठी १.०१६७५ चं घनमूळ काढायचं, ते येतं १.००५५५२ च्या आसपास. म्हणजे महिन्याचा दर ०.५५५२ टक्के. हा आकडा हातानं टाइप करू नका, पुढचे दशांश गळतात. एक्सेललाच काढू द्या:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1,60,-5000,0,1)
```

उत्तर ३,५६,८२९.१४ येईल. आमच्या कागदावर हेच असतं.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर हप्ता-हप्ता मोजा

हा आमचा आवडता मार्ग, कारण यात काही झाकलेलं राहत नाही. आरडी म्हणजे ६० वेगवेगळ्या छोट्या ठेवी, सगळ्या एकाच दिवशी पिकणाऱ्या. समजा खातं १० जानेवारी २०२४ ला उघडलं. ते १० जानेवारी २०२९ ला पिकेल. पहिला हप्ता पूर्ण ६० महिने राहतो, म्हणजे २० तिमाह्या. दुसरा ५९ महिने. शेवटचा, डिसेंबर २०२८ चा, फक्त एक महिना, म्हणजे तिमाहीचा एक तृतीयांश.

शीटच्या A रकान्यात A2 पासून ६०, ५९, ५८ असं १ पर्यंत लिहा. शेजारी B2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=5000*(1+6.7%/4)^(A2/3)
```

पहिल्या ओळीत ६,९७०.३३ दिसेल. ३० महिने राहिलेल्या हप्त्याचे ५,९०३.५३, आणि शेवटच्या हप्त्याचे ५,०२७.७६. साठ ओळींची बेरीज पुन्हा ३,५६,८२९.१४. वरचं FV चं सूत्र हीच बेरीज एका ओळीत करतं.

इथंच दुसऱ्या एका नाराजीचंही उत्तर आहे. "तीन लाख भरले, ५६,८२९ व्याज मिळालं, म्हणजे वर्षाला पावणेचार टक्केच की! मग ६.७ कशाला सांगता?" असं म्हणणारे तीन लाखांवर पाच वर्षांचं व्याज धरतात. काही जण तर सगळ्या तीन लाखांना एकरकमी चक्रवाढ लावून ४,१८,२२० चा आकडा घेऊन येतात. पण तुमचे तीन लाख पहिल्या दिवशी पोस्टात नव्हते, पाच हजारच होते. साठ हप्त्यांचा सरासरी मुक्काम साडेतीस महिन्यांचा. तीन लाखांवर ६.७ टक्क्यांनी साडेतीस महिन्यांचं सरळ व्याज काढा, ५१,०८७ येतं. उरलेले ५,७४२ चक्रवाढीचे. कागद-पेन्सिलीनं पडताळायला एवढं पुरेसं आहे. एकरकमी तीन लाख हाताशी असतील तर आरडी करूच नका, मुदत ठेवीबद्दल विचारा. तसं आम्ही तोंडावर सांगतो, आरडीचा हप्ता आमच्याकडून सुटला तरी.

फरकावरून चूक ओळखा

आमच्याकडे येण्याआधी तुमचा आकडा आणि आमचा आकडा यांतला फरक बघा, तोच चूक सांगतो. महिना ५,००० च्या खात्यात ३५३ जास्त येत असतील तर दर १२ ने भागलाय. बरोबर १,९७० कमी येत असतील तर सूत्राच्या शेवटचा १ राहिलाय. तो १ नसेल तर एक्सेल धरतं की हप्ता महिन्याच्या शेवटी भरला, आणि प्रत्येक हप्त्याचं एक महिन्याचं व्याज जातं. सुमारे १,९७८ जास्त असतील तर तुम्ही तिमाहीचे १५,००० एकदम, तिमाहीच्या सुरुवातीलाच भरल्यासारखे धरलेत. हप्ता दुप्पट असेल तर हे फरकही दुप्पट होतील.

काही जण बँकेच्या पत्रकातलं लांब सूत्र वापरतात. तेही बरोबर आहे आणि उत्तर तेच देतं:

```
=5000*((1+6.7%/4)^20-1)/(1-(1+6.7%/4)^(-1/3))
```

यात -1/3 भोवतीचा कंस सोडला की एक्सेल आधी घात काढतं आणि मग तीनने भागतं. उत्तर २,९३१ येतं. साठ हप्ते भरून तीन हजारांच्या आत रक्कम दिसली तर घाबरू नका, कंस तपासा.

आणि फरक फक्त सात रुपयांचा असेल तर? मग कोणाचंच चुकलेलं नाही. काही ठिकाणी तिमाहीच्या आत सरळ व्याज मोजतात: पहिल्या हप्त्याला तीन महिन्यांचं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तशा तिमाहीअखेर १५,१६७.५० होतात, आणि तिथून पुढं चक्रवाढ. त्या रीतीनं शेवटी ३,५६,८३६.४२ येतात. घनमूळ की सरळ व्याज, एवढाच तो फरक. त्यावर वाद घालायला येणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो, पण कागदावरचा आकडा बदलत नाही.

सूत्र कुठं चालत नाही

वरचा आकडा साठही हप्ते ज्या-त्या महिन्यात भरले तरच खरा. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर हप्त्याची शेवटची तारीख दर महिन्याची १५. १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. चुकलेल्या हप्त्याला दर शंभरामागं महिन्याला १ रुपया दंड, म्हणजे ५,००० च्या खात्याला ५० रुपये. सलग चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि ते चालू करायला दोनच महिने मिळतात. तूर निघाली की एकदम भरतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांच्यासाठी उलटा रस्ता चांगला: पैसा हातात असताना सहा किंवा बारा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरा. महिन्याच्या हप्त्यातल्या दर शंभरामागं, सहा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरले तर एकूण १० रुपये आणि बारा महिन्यांचे भरले तर एकूण ४० रुपये सूट मिळते.

मुदतीआधी खातं मोडायचं तर तीन वर्षं झाल्यावरच मोडता येतं, आणि व्याज पोस्टाच्या बचत खात्याच्या दरानं मिळतं. शेवटचा एक दिवस राहिलेला असताना मोडलं तरी तोच दर. गरज निघाली तर मोडण्याआधी आमच्याशी बोला. १२ हप्ते भरून झालेले असले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज निघतं, आणि बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं.

आम्ही १५ ची वाट न बघता १० तारखेपर्यंत हप्ता मागतो, त्यावर कुरकुर होते. सगळ्यांची यादी ऑनलाइन चढवून पोस्टात भरायला दोन-तीन दिवस लागतात, त्यात एखादी सुट्टी किंवा सर्व्हर बंद आला की १५ उलटते आणि दंड तुम्हाला पडतो. आमचं कमिशन सरकार देतं, तुमच्या हप्त्यातून किंवा मुदतपूर्तीच्या रकमेतून एक रुपयाही जात नाही. हप्ता दिला की कार्डावर नोंद आणि सही तिथल्या तिथं घ्या.

वरची तिन्ही सूत्रं आणि साठ ओळींचा तक्ता आम्ही एका शीटमध्ये तयार ठेवलाय. हप्ता, दर आणि महिने टाकले की आकडा येतो. दर आणि मुदत बदलली की बँकेच्या आरडीलाही चालतो, फक्त ती बँक व्याज तिमाहीला मिळवते ना, ते आधी विचारून घ्या. खातं आमच्याकडे नसलं तरी शीट फुकट मिळेल. पासबुक आणि मोबाइल घेऊन दुपारी ३ नंतर या. १० ते १५ तारखेच्या दरम्यान मात्र हिशोबासाठी येऊ नका, तेव्हा फक्त हप्ते घेतले जातील.