गेम डेव्हलपरचा रेझ्युमे: आम्ही तो कसा लिहितो आणि तुमच्याकडून काय मागतो

आमच्याकडे येणाऱ्या गेम डेव्हलपरांच्या रेझ्युमेत एक ओळ हमखास सापडते: ‘गेमचा परफॉर्मन्स ४० टक्क्यांनी सुधारला.’ कशाचे ४० टक्के, कोणत्या फोनवर, आणि ते काम नेमकं कोणाचं, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. भरती करणारा लीड प्रोग्रामर ती वाचून पुढे जातो. आमचा सर्वांत जास्त वेळ याच ओळीवर खर्च होतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एक नमुना घेऊ. युनिटीत केलेला, अँड्रॉइडवरचा एक रनर गेम. पाच जणांची टीम, तुम्ही गेमप्ले प्रोग्रामर. ३ जीबी रॅमच्या फोनवर गेम दर काही सेकंदांनी अडखळत होता. गेम ३० एफपीएसवर चालवायचा, म्हणजे एका फ्रेमला साधारण ३३ मिलीसेकंद मिळतात. सरासरी फ्रेम २८ मिलीसेकंदांची होती, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण प्रोफायलरमध्ये मधूनच ९० मिलीसेकंदांची उंच काडी दिसायची आणि तिथे `GC.Collect` असायचं. प्रत्येक नाणं `Instantiate` करून नंतर `Destroy` केलं जात होतं, आणि स्कोअरची अक्षरं `Update` मध्ये दर फ्रेमला नव्याने जोडली जात होती. हा कचरा साठला की तो उचलायला गेम थांबायचा. तुम्ही नाण्यांसाठी ऑब्जेक्ट पूल केला आणि स्कोअर बदलेल तेव्हाच मजकूर बदलायची सोय केली. सर्वांत लांब फ्रेम ३८ मिलीसेकंदांवर आली. सरासरी मात्र २८ वरून जेमतेम २७ झाली.

इथे टक्केवारी किती फसवी ठरते पाहा. सरासरीवर बोट ठेवलं तर तुम्ही काहीच केलं नाही असं दिसेल, आणि खेळणाऱ्याला तर गेम पूर्ण बदललेला वाटेल. म्हणून आम्ही लिहू: ‘३ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर, तीन मिनिटांच्या धावेत, सर्वांत लांब फ्रेम ९० वरून ३८ मिलीसेकंदांवर आणली, नाण्यांचं पूलिंग आणि स्कोअर मजकुरातलं अलोकेशन काढणं ही दोन्ही कामं स्वतः केली.’ प्रत्यक्ष रेझ्युमेत हे इंग्रजीत जातं, पण मांडणी हीच.

आकडे एफपीएसपेक्षा मिलीसेकंदांत दिलेले आम्हाला बरे वाटतात. ६० वरून ५० एफपीएसवर घसरलं तर फ्रेममागे ३.३ मिलीसेकंद गेले. ३० वरून २० वर घसरलं तर जवळजवळ १७. दोन्हीकडे फरक ‘१० एफपीएस’च दिसतो. आणखी एक: मोजमाप एडिटरमधलं नको, डेव्हलपमेंट बिल्ड फोनवर टाकून घेतलेलं हवं. शक्य असेल तर फोन पंधरा-वीस मिनिटं तापल्यानंतरचाही आकडा द्या, कारण तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो.

टीममधलं तुमचं काम लिहिताना आम्ही काटेकोर असतो. वरच्या गेममध्ये आर्टिस्टने टेक्श्चर एएसटीसीत आणून डाउनलोड लहान केलं असेल, तर ते तुमच्या नावावर येणार नाही. ‘आम्ही’ आलं की आम्ही विचारतोच: यातलं तुमचं कोणतं?

शिप्ड टायटल म्हणजे जो गेम खेळणाऱ्यांच्या हाती गेला तो. नाव, प्लॅटफॉर्म, वर्ष, लिंक, आणि तुम्ही त्यावर कधीपासून कधीपर्यंत होतात, एवढं पुरतं. मोबाइल गेम स्टोअरवरून काढले जातात, तेव्हा लिंक मेली असेल तर गेमप्लेचा व्हिडिओ लागेल. रद्द झालेला गेम वेगळ्या शीर्षकाखाली जातो. गोपनीयतेच्या करारातला असेल तर नावाऐवजी ‘अघोषित शूटर, कन्सोल’ एवढंच, आणि तेही करारात बसत असेल तरच.

इंजिनांची वेगळी यादी आम्ही शक्यतो टाळतो. प्रत्येक टायटलशेजारीच ‘युनिटी २०२२.३, सी शार्प’ असं आवृत्तीसह येतं. ट्युटोरियलपुरतं हाताळलेलं अनरियल किंवा गोडो तिथे आपोआप गळतं.

नोकरी सोडली असेल तर जुन्या कंपनीच्या प्रोफायलर फाइल्स आणू नका; त्या तुमच्या नाहीत. त्याऐवजी तीच अडचण छोट्या स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये पुन्हा उभी करून मोजा आणि रेझ्युमेत ‘पुनर्रचित चाचणी’ असं स्पष्ट लिहा.

मसुदा पक्का करण्याआधी आम्ही प्रत्येक आकड्यावर फोनवर प्रश्न विचारतो. वरच्या नमुन्यात पहिला प्रश्न असेल: ‘इन्क्रिमेंटल जीसी चालू होतं का?’ ते चालू असलं की कचरा उचलण्याचं काम अनेक फ्रेममध्ये वाटलं जातं, त्यामुळे ९० ची काडी का आली हे सांगता यायला हवं. प्रोजेक्ट जुना होता आणि तो पर्याय बंद होता, हे पुरेसं उत्तर आहे. उत्तर नसेल तर ती ओळ आम्ही काढतो.